एका ॲपवर ‘पेंडिंग’, दुसऱ्यावर ‘सक्सेस’: पैसे नेमके कुठे आहेत?

समजा, तुम्ही घरमालकांना यूपीआयने ६,५०० रुपये भाडं पाठवलं आणि नेमकी त्यांच्या बँकेची सिस्टीम बंद होती. तुमच्या ॲपवर ‘सक्सेस’, त्यांच्या ॲपवर ‘पेंडिंग’. अशा वेळी दोघांपैकी कुणीही खोटं बोलत नसतं. तुमच्या बँकेने पैसे कापले, पण त्यांच्या बँकेकडून जमा झाल्याचं उत्तरच आलं नाही. ही अर्धवट अवस्था प्रत्येक ॲप आपापल्या शब्दांत दाखवतं, म्हणून स्क्रीनशॉटवरून वाद घालू नका.

व्यवहाराच्या तपशिलात १२ अंकी यूटीआर नंबर असतो. तो घरमालकांना पाठवा आणि ॲप बाजूला ठेवून बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तोच नंबर शोधायला सांगा. जमेची नोंद असेल तर विषय संपला, ॲपवर काहीही दिसो. नसेल तर तुमच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम परत आली आहे का ते बघा. तोवर पुन्हा पैसे पाठवू नका. सिस्टीम सुरू झाली की पहिले पैसेही जमा होऊ शकतात, आणि मग जादाचे परत मागत बसावं लागतं.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेले असे अडकलेले पैसे फार तर पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी मात्र ५ दिवस थांबावं लागतं. मुदत उलटली तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर तक्रार करा आणि यूटीआर देऊन आपल्या बँकेलाही कळवा.