वाड्यात शिरण्याआधी: साइट व्हिजिट रिपोर्टची तयारी

वही, पेन्सिल, पाच मीटरचा टेप, टॉर्च, पाण्याची बाटली. हे सांगायची गरज नाही. मालकांना आदल्या दिवशी फोन करा, आणि वाड्यात भाडेकरू राहत असतील तर त्यांनाही कल्पना द्या. कोणाच्या माजघरात आपण टेप घेऊन उभे राहतो तेव्हा आपण पाहुणेच असतो. सकाळी आठच्या आत पोचा. नंतर नाशकातल्या रविवार कारंजाच्या बाजूने आत शिरणं म्हणजे शिक्षा.

आता खरी गोष्ट. एका कागदावर वाड्याचा ढोबळ नकाशा काढून न्या. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, एवढ्या चौकटी पुरे, माप नसलं तरी चालेल. फोटो काढला की लगेच त्याचा नंबर नकाशावर लिहायचा आणि आपण कुठे उभं राहून कुठे बघत होतो त्याचा बाण काढायचा. उत्तर दिशा कुठे, हेही आधीच मारून ठेवा.

मागच्या वर्षी मी हे केलं नाही. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात तीन तास फिरले, दोनशेच्या वर फोटो काढले आणि खूश होऊन घरी आले. रात्री बघते तर एका भिंतीला खाली ओल, गिलावा फुगलेला, कडेला लोणा, म्हणजे पांढरा खार. छान फोटो. पण भिंत कुठली? ओसरीची की माजघराची? चौकाकडची की गल्लीकडची? काही म्हणजे काही आठवेना. तरी मी ठोकून दिलं: ‘गोदावरीच्या पुराच्या खुणा अजूनही भिंतींवर आहेत.’ नाशिकमध्ये पूर म्हटलं की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हेच आपण विचारतो, त्यामुळे वाक्य शोभलंसुद्धा. सरांनी लाल पेनाने खाली लिहिलं, ‘हे दिसलं की सुचलं?’

त्यांचं बरोबर होतं. पुराचं पाणी सपाट असतं. त्याची खूण असेल तर ती एका पातळीत, सगळ्या खोल्यांतून, भिंतीच्या आतून-बाहेरून सारख्याच उंचीवर दिसायला हवी. जमिनीतून चढणारी ओल तशी नसते; एका भिंतीत गुडघ्यापर्यंत, दुसरीत कमरेपर्यंत, तिसरीत नाहीच. वरून गळत असेल तर डाग वर रुंद आणि खाली ओघळ. म्हणजे निर्णय एका फोटोवर होत नाही, भिंती शेजारी ठेवून होतो, आणि कुठला फोटो कुठल्या भिंतीचा हेच माहीत नसेल तर काय शेजारी ठेवणार?

परत गेले, या वेळी नकाशा घेऊन. ओल फक्त न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला निघाली, जमिनीपासून साधारण नव्वद सेंटिमीटर. खालच्या पट्ट्यात जुना चुन्याचा गिलावा काढून कोणीतरी सिमेंटचा केला होता. बोटाच्या पेराने वाजवलं की पोकळ आवाज. चुन्यातून ओल बाहेर वाळते, सिमेंट तिला अडवतं, मग ती भिंतीत आणखी वर चढते आणि सिमेंट संपतं तिथून बाहेर पडते. लोणा बरोबर त्याच काठावर होता. पूर कुठेच नव्हता, न्हाणीचं पाणी होतं. (तिथल्या आजी म्हणाल्या, ‘ते तर सगळ्यांना माहितीये.’ आधी विचारायला हवं होतं.)

म्हणून पुन्हा सांगते: नंबर आणि बाण, तिथल्या तिथे. ‘नंतर लावू’ म्हणालात की संपलं. घाई असेल तर खोलीत शिरताना ‘माजघर’ असं लिहिलेल्या चिठ्ठीचा पहिला फोटो घ्या, पुढचे फोटो आपोआप त्या खोलीचे होतात. तरी बाण काढाच.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे दिसलं ते: उंची, रंग, आवाज, वास. उजवीकडे वाटलं ते: ‘मला वाटतं ही भिंत नंतर बांधली’. ऐकलेलं असेल तर उजवीकडे, कोण म्हणालं त्याच्यासह. उजवीकडच्या प्रत्येक ओळीला डावीकडचा किमान एक फोटो नंबर जोडा. जोडता आला नाही तर रिपोर्टमधून ओळ काढा. चौकात उभं राहून शांत वाटलं, हेही लिहा. पण ते का वाटलं? ओसरीचे खांब किती जवळ, कडीपाट किती खाली, ऊन किती आत येतं? नुसतं ‘शांत वाटलं’ कोणी वाचत नाही.

लिखाण त्याच रात्री. मथळे, शुद्धलेखन, प्रिंट तुम्हाला येतंच. प्रत्येक फोटोखाली नंबर, आणि पहिल्या पानावर तो बाणांचा नकाशा लावा. हो, तोच. हाताने काढलेला, खाडाखोड असलेला चालतो.