बारा रेझिस्टरांचा घन: समान दाबाची टोके जोडून टाका

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून एक किलोओहमचे बारा रेझिस्टर आणा आणि डाग देऊन घन बनवा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधला रोध किती? किरचॉफची समीकरणे मांडत बसू नका.

एका कोपऱ्याला A म्हणा, त्याच्या थेट समोरच्याला B. A पासून निघणाऱ्या तिन्ही कडा हुबेहूब सारख्या आहेत, म्हणून त्यांच्या पलीकडच्या तीन टोकांवर विद्युतदाब एकच. B च्या शेजारच्या तीन टोकांचेही तसेच. समान दाबाची टोके तारेने जोडली तरी त्या तारेतून प्रवाह जात नाही, म्हणून खुशाल जोडा. आता आधी तीन, मग सहा, मग पुन्हा तीन रेझिस्टर समांतर उरतात: R/3 + R/6 + R/3 = 5R/6. म्हणजे मल्टिमीटरवर साधारण 833 ओहम. पाच टक्केवाले रेझिस्टर असतील तर थोडे इकडेतिकडे.

आकडा फारच वेगळा आला तर? A ला 5 व्होल्ट द्या, B ऋण टोकाला जोडा. A शेजारची तिन्ही टोके 3 व्होल्ट दाखवतील, B शेजारची 2. एखादे टोक फटकून वागत असेल तर त्याला जोडलेल्या तीन रेझिस्टरांचे रंगपट्टे आणि डाग तपासा. लाल पट्ट्याऐवजी नारिंगी, म्हणजे दहा किलोओहमचा, घुसलेला मी एकदा असाच पकडला.

एकाच कडेच्या दोन टोकांमध्ये मोजताना मात्र ही तीन-तीनची जोडणी चालत नाही. तिथे सममिती वेगळी आणि उत्तरही वेगळे, 7R/12.