जपानी मित्राच्या वडिलांच्या निधनानंतर निरोप पाठवण्याआधी

मित्राचे वडील गेल्याचं कळलं की आधी मजकूर मनात येईल तसा कच्चा लिहून काढा, पण पाठवू नका. जपानीत शोकसंदेशात एकच शब्द जोडीने आलेला चालत नाही. अशा शब्दांना 'कासानेकोतोबा' म्हणतात. दुःख पुन्हा त्याच घरावर यावं असं त्यातून ध्वनित होतं, म्हणून ते टाळायचे. आपण मराठी माणसं 'वेळोवेळी', 'पुन्हा पुन्हा' सहज बोलतो, त्यामुळे जपानीतही तसेच शब्द पटकन सुचतात.

समजा, तुम्ही त्यांच्या घरी राहिला होतात आणि कच्च्या मजकुरात लिहिलंत, 'ताबिताबि ओसेवा नि नारिमाशिता', वेळोवेळी तुमचा आधार मिळाला. इथे 'ताबिताबि' काढून 'इत्सुमो', म्हणजे नेहमी, ठेवा. 'इरोइरो', म्हणजे नाना प्रकारे, असेल तर 'ताइहेन', म्हणजे खूप, लिहा. शेवटी सवयीने येणारं 'कुरेगुरेमो', म्हणजे आवर्जून, सगळ्यात फसवं, कारण एरवी ते काळजीचंच असतं आणि त्यातली जोडी डोळ्यांना दिसत नाही. त्याऐवजी 'दोओझो', म्हणजे कृपया, लिहा. 'माता रेनराकु शिमासु', पुन्हा संपर्क करेन, यात जोडी नाही, पण 'माता' म्हणजे 'पुन्हा', म्हणून तेही नको. 'गोजित्सु', म्हणजे काही दिवसांनी, हा शब्द तिथे बसतो. ताजा कलमही लिहू नका, त्याच्या 'त्सुइशिन' या नावातच मागोमाग येण्याचा अर्थ आहे.

मग मृत्यूचा उल्लेख पाहा. 'शिनु' किंवा 'शिबोओ' असे थेट शब्द काढून 'गोसेइक्यो', म्हणजे निधन, लिहा. वडिलांना 'ओतोओसामा' म्हणा. शोकसभेत वाचल्या जाणाऱ्या तारेत वडिलांसाठी 'गोसोन्पुसामा' शोभतं, पण जवळच्या मित्राला ते परकं वाटेल. 'मेइफुकु', म्हणजे मृत्यूनंतरचं सुख, हा शब्द बौद्ध वळणाचा आहे. ख्रिस्ती घरात तो चालत नाही, बौद्धांतला जोओदो शिन्शू पंथही तो वापरत नाही. घरचा धर्म माहीत नसेल तर 'ओकुयामी', म्हणजे शोक, या शब्दावरच थांबा.

एवढं झाल्यावर निरोप असा उरतो: 'ओतोओसामा नो गोसेइक्यो ओ शिरी, कोकोरो योरी ओकुयामी मोओशिआगेमासु. ओतोओसामा निवा ताइहेन ओसेवा नि नारिमाशिता. दोओझो मुरी ओ शिनाइदे कुदासाइ. हेन्शिन वा कि नि शिनाइदे कुदासाइ.' म्हणजे, वडिलांच्या निधनाचं कळलं, मनापासून शोक व्यक्त करतो. त्यांचा मला खूप आधार मिळाला. कृपया स्वतःला फार ताण देऊ नकोस. उत्तराची काळजी करू नकोस. यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. अंत्यविधीच्या धावपळीत उत्तर दिलं नाही तरी चालेल, हे त्याला कळायला हवं.

पाठवण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचा, जोडशब्द कानाला चटकन लागतात. उद्गारचिन्हं, इमोजी, स्टिकर काढून टाका. कशाने गेले, हे विचारू नका, तो सांगेल तेव्हा ऐका. आणि त्याच्या निरोपात 'गोजिताई' असेल, म्हणजे फुलं किंवा 'कोओदेन' हे शोकप्रसंगी द्यायचं पैशांचं पाकीट घेणार नाही असं कळवलं असेल, तर दोन्ही पाठवू नका. एवढा निरोप पुरे.