चढलेला आवाज आणि उगारलेला हात अहवालात कसा लिहावा

वॉर्डात नातेवाइकाने गोंधळ घातला की अहवालात हमखास "आक्रमक वर्तन केले" असे लिहिले जाते, आणि त्यातून नेमके काय घडले ते वाचणाऱ्याला कळतच नाही. "अंगावर धावून आला" हे तर दोन पावले पुढे येण्यालाही लिहिले जाते. त्याऐवजी कृती, अंतर आणि तोंडचे शब्द नोंदवावेत:

"रात्री 9.40 वाजता रुग्णाचा भाऊ नर्सिंग काउंटरसमोर साधारण दोन हात अंतरावर उभा राहून इतक्या मोठ्याने बोलत होता की शेजारच्या खोलीतील आया बाहेर आल्या. 'बाहेर भेट, मग बघतो' असे म्हणत त्याने उजव्या हाताची मूठ खांद्याच्या वर उचलली. मी मागे सरकले. त्याने मला स्पर्श केला नाही."

शेवटचे वाक्य गाळू नये. त्याने तक्रार दुबळी होत नाही, उलट बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो. आवाज किती मोठा होता हे विशेषणापेक्षा तो कुठपर्यंत ऐकू गेला यावरून चांगले समजते. शिवी दिली असेल तर "अपशब्द वापरले" असे सौम्य करू नये, ती अवतरणात जशीच्या तशी लिहावी. शब्द नीट आठवत नसतील तर "अशा आशयाचे" म्हणावे.

हावभाव आणि शब्द एकत्र लिहिण्याला कायदेशीर कारणही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 130 नुसार नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, पण शब्दांमुळे हावभावाला तो अर्थ येऊ शकतो.