स्वतःची सात इंची रेकॉर्ड कशी काढायची: पंकवाल्यांची पद्धत, आणि सगळे जिथे फसतात तो कटिंगचा टप्पा

बँडची रेकॉर्ड काढायची म्हटलं की सगळे आधी स्टुडिओ विचारतात, मग माइक कुठला, मग मिक्सिंग कोण करणार. तबकडीवर आवाज उतरतो कसा हे कुणीच विचारत नाही, आणि मग फॅक्टरीतून खोकी आली की गायकाचा आवाज फाटलेला का येतोय म्हणून फोन सुरू. त्यामुळे इथे स्टुडिओवर मी चार ओळीच लिहिणारे. मायक्रोफोनचे फोटो टाकणारे लोक भरपूर आहेत, त्यांना विचारा.

आधी थोडं मागचं, कारण पद्धत तिथूनच आलीय. १९७६ पर्यंत इंग्लंडात बँडने गाणी करायची आणि बाकी सगळं, म्हणजे स्टुडिओ, कटिंग, दाबणी, कव्हर, दुकानापर्यंत पोचवणं, हे कंपनीने करायचं असा रिवाज होता. खरं तर पैसे मोजले की कुणाचीही रेकॉर्ड दाबून देणाऱ्या फॅक्टऱ्या आधीपासून होत्या, चर्चच्या आणि शाळांच्या गायनवृंदांच्या रेकॉर्डी तशाच निघायच्या. पंकवाल्यांनी काय केलं, तर हे एकसंध वाटणारं काम सुटं केलं, प्रत्येक तुकड्याचं वेगळं बिल भरलं आणि ते बिल लोकांना दाखवलं. स्क्रिटी पॉलिटी या लंडनच्या बँडने १९७८ च्या पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर खर्चाचा हिशोबच छापला, स्टुडिओचे १४ तास ९८ पौंडांना वगैरे. कव्हर वाचून दुसऱ्या गावातल्या पोराला कळायचं की कुठे जायचं आणि खिशात किती लागतील.

रेकॉर्डिंग

मँचेस्टरच्या बझकॉक्सने २८ डिसेंबर १९७६ ला इंडिगो स्टुडिओत चार गाणी साधारण तीन तासांत रेकॉर्ड केली, आणखी दोनेक तासांत मिक्स केली आणि महिन्याभरात स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स या लेबलवर बाहेर काढली. मित्रांकडून आणि गिटारवादक पीट शेलीच्या वडलांकडून ५०० पौंड उसने घेतले होते. कुठलं गाणं कितव्या टेकचं आणि वर काय जोडलंय हेही कव्हरवर लिहून टाकलं. तुम्हीही तेच करा, सगळ्यांनी एकत्र वाजवा, तीन टेक घ्या, चांगला ठेवा. चौथ्या टेकला कंटाळा ऐकू यायला लागतो.

कटिंग, इथे थांबा आणि नीट वाचा

कटिंग म्हणजे लॅकरचा थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर सुईने गोल गोल खाच कोरायची. तिच्यावर निकेलचा थर चढवून धातूचा साचा काढतात, तो स्टॅम्पर, आणि त्याने रेकॉर्डी दाबतात. म्हणजे कटिंगच्या वेळी जे बिघडलं ते प्रत्येक प्रतीत बिघडलेलंच येणार. ‘नंतर बघू’ म्हणायला नंतर काही उरलेलं नसतं.

पहिला प्रश्न लांबीचा. आवाज मोठा आणि बेस जाड तर खाच जास्त हेलकावते, जास्त जागा खाते. सात इंची तबकडीवर मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने एका बाजूला चारेक मिनिटं दणदणीत बसतात, त्यापुढे प्रत्येक मिनिटाला आवाज खाली आणावा लागतो, आणि आवाज खाली आला की रेकॉर्डची स्वतःची खरखर वर येते. ३३ वर सहाएक मिनिटं मिळतात पण वरच्या पट्टीतली धार थोडी जाते. ‘आम्हाला एका बाजूला तीन गाणी बसवायचीयत आणि आवाजही मोठा हवाय’ असं म्हणणाऱ्याला मी सरळ सांगतो, एक गाणं काढ.

डेस्परेट बायसिकल्स नावाच्या बँडने १९७७ मध्ये यातून भारी वाट काढली. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी आहेत! वरून विचित्र वाटतं, पण दोन्ही बाजू एकच म्हटल्यावर एकदाच कोरायचं. ५०० प्रतींचा सगळा खर्च १५३ पौंड, म्हणजे प्रत साधारण ३१ पेन्सला पडली. पैसे खरंच कमी असतील तर दुसरी बाजू सोडायचा विचार करा, लाज वाटून घेऊ नका.

दुसरी गोष्ट, आणि यात जवळपास प्रत्येक बँड फसतो. तबकडी एकाच वेगाने फिरते पण सुई आत सरकते तसा वेढा लहान होत जातो, त्यामुळे सात इंचीच्या शेवटाला सेकंदाला सुईखालून जाणारी खाच सुरुवातीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असते. तेवढ्याच जागेत तोच आवाज कोंबला जातो आणि पहिली झळ बसते ती झांजांना आणि ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांना. गायक ‘शेवट’ म्हणतो आणि ऐकू येतं ‘फ्शेवट’. आता पंक बँडची सवय काय, तर सगळ्यात वेगवान, सगळ्यात किंचाळणारं गाणं शेवटी ठेवायचं. ते बाजूच्या सुरुवातीला टाका. शेवटी मध्यम लयीचं, झांजा कमी असलेलं गाणं. कॉन्सर्टमधला क्रम तबकडीवर चालत नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका.

मिक्स पाठवण्याआधी एवढं करा: गायकाच्या ट्रॅकवरचे ‘स’ आणि ‘श’ डी-एसरने दाबा, ते कटिंगवाल्यावर सोडू नका कारण तो दाबणार तर सगळ्या गाण्यावर दाबणार, आणि मग झांजाही बसतात. बेस आणि बास ड्रम मधोमध ठेवा, कारण डाव्या-उजव्या बाजूचा बेस एकमेकांच्या उलटा गेला तर खाच आडवी जायच्या ऐवजी वर-खाली जाते आणि सुई उडते. हे घरी तपासता येतं. सगळं मिक्स मोनोत ऐका, बेस किंवा गिटार एकदम पातळ झाली तर गडबड आहे. आणि आवाज ‘मोठा’ करण्यासाठी शेवटी लावलेला लिमिटर काढून टाका, मोबाइलसाठी केलेलं मास्टर तबकडीवर उलट बारीक आणि खरबरीत वाजतं. फाइल २४ बिटची वेव्ह, एका बाजूला एकच अखंड फाइल, गाण्यांमधली शांतता तिच्यातच, आणि सोबत कागदावर प्रत्येक गाणं कुठल्या मिनिटाला सुरू होतं ते.

(खाच संपल्यावर लेबलच्या अलीकडे जी गुळगुळीत पट्टी असते तिथे काही कोरून हवं असेल तर ते कटिंगच्या आधी सांगा. जॉर्ज पेकम नावाचा लंडनचा कटर तिथे ‘अ पॉर्की प्राइम कट’ असं कोरायचा, जुनी रेकॉर्ड तिरपी धरून बघा, सापडेल.)

मग येतात टेस्ट प्रेसिंग, कोऱ्या पांढऱ्या लेबलच्या चार-पाच प्रती. इथे घाई करणारे बँड मी खूप पाहिलेत. आमच्या ओळखीच्या एका ड्रमरने तर कुणीतरी पाठवलेला मोबाइलवरचा व्हिडिओ ऐकून ‘एक नंबर’ असा मेसेज करून मंजुरी देऊन टाकली होती, आणि सगळ्या रेकॉर्डींत दुसऱ्या बाजूला घोड्याच्या टापांसारखी टक टक. सगळ्या प्रती ऐका, दोन वेगवेगळ्या प्लेअरवर ऐका, त्यातला एक स्वस्तातला असू दे कारण घेणाऱ्याकडे तोच असतो.

काय ऐकायचं ते सांगतो. टक आवाज एकाच प्रतीत असेल तर सोडून द्या, ती त्या प्रतीची खोड. सगळ्या प्रतींत त्याच जागी असेल तर साच्यात दोष आहे. ४५ च्या रेकॉर्डचा एक फेरा सव्वा सेकंदाहून जरासा जास्त वेळ घेतो, त्याच ठेक्याने टक येत राहिला तर समजा ओरखडा अनेक वेढ्यांवरून आडवा गेलाय. सूर लांबवर हेलकावत असेल तर डोळ्यांनी बघा, प्लेअरचा हात दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलतोय का? झुलत असेल तर मधलं भोक मध्यावर नाही. पंकमध्ये हे कानाला चटकन कळत नाही, लांब सूर असतातच कुठे. आणि ‘श’ फाटत असेल तर आधी स्वतःची फाइल काढून ऐका. फाइलमध्येही तो टोचत असेल तर फॅक्टरीशी भांडू नका, पुन्हा कटिंगचे पैसे तुमचेच जाणार. फाइल स्वच्छ आणि खरखर फक्त तबकडीवर असेल तर मात्र लेखी कळवा, कुठली बाजू, कितवं मिनिट, किती प्रतींत. ‘आवाज बरोबर वाटत नाही’ एवढ्यावर कुणीही साचा बदलून देत नाही.

कव्हर

वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स बँडने मोडताना साठवलेले सहाएकशे डॉलर वाटून न घेता त्यातून रेकॉर्ड काढली, तीच डिस्कॉर्ड लेबलची पहिली. कव्हरसाठी त्यांनी इंग्लंडहून आलेलं एक कव्हर उसवून सपाट केलं, त्याच्या कडा गिरवून घेतल्या, तसं छापून घेतलं आणि हजार कव्हरं कात्रीने कापून, दुमडून, हाताने चिकटवली. आजही तेच करा. सात इंचीला साधारण १८४ मिलिमीटरचा चौकोन लागतो, पुढचं-मागचं मिळून ए-थ्री कागदात बसतं. प्रेसवाल्याला एवढंच विचारा की कागदाचा ग्रेन घडीच्या दिशेने आहे का, आडवा असेल तर घडीवर शाई तडकते आणि कव्हर नवं असतानाच जुनं दिसतं. पातळ गोंद नको, कागद फुगतो.

विक्री

बझकॉक्सची पहिली हजार प्रतींची खेप टपालाने आणि दुकानांतून गेली. मॅनेजर रिचर्ड बूनने एका मोठ्या साखळीच्या मँचेस्टर शाखेच्या मॅनेजरला गळ घातली आणि त्याने इतर शाखांना सांगितलं. हे दुकानाच्या काउंटरवर उभं राहून होतं, कंपनीच्या हेड ऑफिसला पत्र लिहून होत नाही.

हिशोब आधी करा. समजा ५०० पौंड खर्च झाले आणि दुकानाचा वाटा जाऊन हातात ७० पेन्स येतात, तर ७१५ वी प्रत विकली जाईपर्यंत तुम्ही उसनेच फेडताय, आणि हजारातल्या शे-दीडशे मित्रांना आणि रेडिओवाल्यांना फुकट गेल्या असतील तर हातात फार काही उरत नाही. त्यामुळे फुकट वाटायच्या प्रती आधीच मोजून बाजूला काढा, बाकीच्यांना हात लावू द्यायचा नाही. ‘विकल्यावर पैसे’ बोलीवर दुकानात दहापेक्षा जास्त ठेवू नका, सही आणि तारीख घ्या, महिन्याने स्वतः जाऊन उरलेल्या मोजा. सगळा माल एकाच वितरकाच्या गळ्यात बांधणंही टाळा. १९९१ मध्ये रफ ट्रेडचा वितरणाचा धंदा बुडाला तेव्हा रेकॉर्डी विकल्या गेलेल्या असूनही कितीतरी छोट्या लेबलांचे पैसे अडकले.

आणि ऑर्डर देतानाच फॅक्टरीला विचारा की मदर प्लेट, म्हणजे जिच्यावरून पुन्हा नवे स्टॅम्पर काढता येतात ती धातूची प्लेट, बनवणार की लॅकरवरून थेट स्टॅम्पर. थेट स्वस्त पडतो, पण स्टॅम्पर साधारण हजारेक प्रतींनंतर झिजतो आणि मग कटिंगपासून परत सगळं. बझकॉक्सच्या त्या रेकॉर्डच्या हजाराच्या पुढे जाऊन १६,००० प्रती खपल्या. तुमच्या तीनशेच काढायच्या असतील तर थेट स्टॅम्पर घ्या. दुसरी खेप निघेल असं मनापासून वाटत असेल तर मदर प्लेटचे पैसे आत्ताच भरा, आणि ती फॅक्टरी किती दिवस सांभाळणार हे बिलावर लिहून घ्या.