‘हो सिस्टर, समजलं’: डिस्चार्जच्या आधी टीच-बॅक करताना मी फसले ती जागा

वॉर्डात नुकतंच रुजू झालेल्यांसाठी हे लिहितेय. टीच-बॅक म्हणजे काय ते तुम्हाला शिकवलेलं आहेच. आपण सांगायचं, पेशंटला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचं, चुकलं तर वेगळ्या तऱ्हेने पुन्हा सांगायचं. मलाही हे पाठ होतं. तरी मी हार्ट फेल्युअरच्या एका आजोबांना असं घरी पाठवलं, की नवव्या दिवशी ते परत आले. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले, आडवं झालं की दम लागायचा. मी टीच-बॅक केलं नव्हतं असं नाही. केलं होतं, आणि ते ‘पास’ झाले होते.

आजोबांना वाचता जेमतेम यायचं. मी सांगितलं, “रोज सकाळी वजन करायचं. दोन किलोने वाढलं तर आम्हाला फोन करायचा.” मग विचारलं, “आता मला सांगा, काय करायचं?” ते म्हणाले, “रोज सकाळी वजन करायचं, दोन किलोने वाढलं तर फोन करायचा.” एकही शब्द चुकला नाही. मी खूश झाले आणि नोंदीत ‘माहिती दिली, समजली’ असं लिहिलं.

परत आले तेव्हा विचारलं, वजन करत होता ना? तर म्हणे, “रोज करत होतो की. वाढत होतं. आजारपणात उतरलो होतो, म्हटलं आता अंग धरायला लागलं. आणि दोन किलो कुठं वाढलं सिस्टर? कालच्यापेक्षा पाव-अर्धा किलो, एवढंच.”

हे उत्तर नीट वाचा. आजोबांनी काहीच विसरलेलं नव्हतं. त्यांच्या परीने त्यांनी सगळं बरोबर केलं होतं. मी दोन गोष्टी सांगितल्याच नव्हत्या. एक, हे वाढलेलं वजन मांसाचं नाही, अंगात साठलेल्या पाण्याचं आहे. आपल्याकडे वजन वाढणं ही आजारी माणसासाठी चांगली खूण मानतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन, दोन किलो मोजायचे ते कशापासून? मी घरी जाण्याच्या दिवसापासून धरत होते, ते कालपासून धरत होते. रोज 300 ग्रॅम वाढलं तर आठवड्यात दोन किलोंवर जातं, पण कालच्याशी तुलना करणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

सापळा हाच. पेशंटने आपलेच शब्द परत दिले तर तो प्रतिध्वनी असतो, त्यातून समज कळत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांचं बरंचसं काम आयुष्यभर ऐकून लक्षात ठेवण्यावरच चाललेलं असतं. त्यामुळे प्रतिध्वनी अगदी स्वच्छ येतो आणि आपण फसतो.

2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास मला नंतर कुणीतरी दाखवला. औषधाच्या बाटलीवर लिहिलं होतं, दोन गोळ्या दिवसातून दोनदा. वाचन कमी असलेल्यांपैकी 71 टक्के लोकांनी ही सूचना बरोबर सांगितली. मग त्यांना विचारलं, दिवसभरात घ्यायच्या गोळ्या मोजून दाखवा. बरोबर चार मोजून दाखवणारे फक्त 35 टक्के निघाले. सांगता येणं आणि करता येणं यांत एवढं अंतर आहे. हे वाचून मला जरा धीर आला आणि तेवढीच भीतीही वाटली.

म्हणून आता मी ‘मी काय सांगितलं ते सांगा’ असं विचारत नाही. प्रसंग घालते. पुढच्याच महिन्यात आलेल्या मावशींचं उदाहरण सविस्तर सांगते.

हार्ट फेल्युअर, फ्युरोसेमाइड 40 मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी, घरी जाताना वजन 58 किलो. शाळा दोन-तीन वर्षांची, पण मोबाइल स्वतः लावायच्या, म्हणजे आकडे ओळखत होत्या. वाचता येतं का, अशी परीक्षा मी कुणाची घेत नाही. ‘चष्मा घरी राहिला’ किंवा ‘मुलगी वाचेल’ हे ऐकलं की समजतं, पण ते ऐकू येण्याची वाटही पाहू नये. लोक हे फार कसोशीने लपवतात आणि उघडं पडलं की पुढचं सगळं ‘हो, हो’ वर येतं. शिकलेला माणूससुद्धा दवाखान्यात घाबरलेला असतो, त्यामुळे सगळ्यांशी एकाच साध्या भाषेत बोलावं. मी विचारते, “हे कागद बऱ्याच जणांना किचकट वाटतात. तुम्हाला ऐकून बरं पडतं की दाखवून?”

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी दुपारी बसले. डिस्चार्जच्या दिवशी व्हीलचेअर दारात आणि नातेवाईक बिलाच्या रांगेत असताना शिकवणं म्हणजे न शिकवणं. हे कोणी सीनियर ‘दोन मिनिटांत उरकतं’ म्हणून सांगत असेल तर ऐकू नका. बसण्याआधी मावशी नीट ऐकू शकतात का आणि भानावर आहेत का ते पाहिलं. कानाचं मशीन डब्यात असताना केलेलं टीच-बॅक फुकट जातं.

त्या दिवशी मी फक्त वजनाचं बोलले. पाय दाबून खड्डा पडतो तो त्यांनाच बोटाने दाबून पाहायला लावला. “हे पाणी आहे. गोळीने ते लघवीतून जातं. परत साठायला लागलं की सूज दिसायच्या आधी काट्यावर कळतं. म्हणून आकडा वाढला तर ती तब्येत नाही, पाणी आहे.” मग म्हटलं, “मी नीट सांगितलं की नाही ते मला तपासायचंय. समजा पुढच्या आठवड्यात काट्यावर 60 दिसलं. तुम्हाला बरं वाटतंय, भूकही लागतेय. तुम्ही काय कराल?”

मावशी म्हणाल्या, “बरं वाटतंय तर कशाला फोन करू? तुम्हाला काय कमी कामं आहेत?”

आजोबांचं उत्तर इथे सापडलं, घरी जायच्या आधी. मावशींना नियम तोंडपाठ होता, तरी त्या फोन करणार नव्हत्या, कारण त्यांना वाटत होतं फोन त्रास झाल्यावर करायचा असतो आणि आम्हाला उगाच त्रास द्यायचा नसतो. मी पुन्हा तेच वाक्य मोठ्याने म्हटलं नाही. म्हटलं, “बरं वाटत असतानाच फोन केलात तर डॉक्टर कदाचित गोळी बदलून भागवतील. दम लागेपर्यंत थांबलात तर परत इथे झोपावं लागेल. माझं काम कोणत्या फोनने वाढेल?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे बरं असलं तरी साठ दिसलं की लावायचा.” हे शब्द माझे नव्हते. नोंदीत मी तेच लिहिले, जसेच्या तसे. ‘समजली’ हा शब्द मी आता लिहीतच नाही, त्यावरून पुढच्या पाळीच्या सिस्टरला काहीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी कालचं विचारलं, मग गोळीवर आले. रात्रभर टिकलं तेवढंच घरी टिकतं. गोळीसाठीही प्रसंगच घातला: “उद्या दिवसभराचा प्रवास आहे. सकाळच्या गोळीचं काय?” त्या लगेच म्हणाल्या, “त्या दिवशी नाही घेणार, सारखी लघवी लागते.” कोणतंही पत्रक हे बाहेर काढू शकलं नसतं. डॉक्टरांना विचारून ठरवलं, की अशा दिवशी पोचल्यावर घ्यायची, पण त्याच दिवशी. हे ज्याचं त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आपण मनाने सांगायचं नाही.

आता आकड्यांबद्दल. आमच्या छापील पत्रकावर ५८ असं होतं आणि काट्यावर 58 दिसतं. वाचणाऱ्याला यात फरक जाणवत नाही, पण आकडे फक्त मोबाइलवर पाहिलेल्या माणसाला ती दोन वेगळी चित्रं असतात. काट्यावर दिसतो तसाच आकडा मोठा काढून द्या. इंटरनेटवरून घेतलेल्या चित्रांच्या पत्रकांवर माझा फार विश्वास नाही. बाण, चंद्र, फुली यांचा अर्थही शिकावाच लागतो. एका पेशंटला चंद्राचं चित्र दाखवून विचारलं, तर म्हणाले, “पौर्णिमेला घ्यायची का?” चित्र वापरायचं तर तेही टीच-बॅकने तपासा.

नातेवाईकांचं थोडक्यात. मुलगी उत्तर देते तेव्हा मुलीला समजलेलं असतं. गोळी मुलगी देणार असेल तर तिचं वेगळं टीच-बॅक घ्या, दोघींचं एकत्र मोजू नका.

आणखी एक चूक मी जवळजवळ केलीच होती. दवाखान्याचा काटा आणि घरचा काटा एक किलोने सहज चुकतात. दवाखान्यातलं 58 धरून 60 ला फोन करा सांगितलं आणि घरच्या काट्यावर पहिल्याच दिवशी 59 दिसलं, तर सगळा हिशेब बिघडतो. म्हणून पत्रकावर दोन रिकामे चौकोन ठेवले. घरी गेल्यावर पहिल्या सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, हलक्या कपड्यांत काट्यावर उभं राहायचं. मी त्याच सकाळी फोन केला. ‘वजन करताय ना?’ असं विचारलं नाही, त्याचं उत्तर नेहमी हो येतं. विचारलं, “आत्ता काट्यावर काय दिसतंय?” मावशींनी आकडे एकेक करून वाचले: पाच, नऊ, टिंब, दोन. वरच्या चौकोनात 59 आणि खालच्यात 61 लिहायला सांगितलं, आणि खालचा परत वाचून घेतला. ‘दोन किलो’ हा शब्द आता कुठेच उरला नाही. वजाबाकी मी केली, त्यांनी फक्त ओळखायचं.

आमच्या वॉर्डात तीन दिवसांत दोन किलो वाढ अशी मर्यादा असते. एकच ठरलेला आकडा दिला की हळूहळू चढणारं वजनही त्यात सापडतं, म्हणून डॉक्टरांनी त्याला होकार दिला. तुमच्याकडची मर्यादा वेगळी असू शकते, आधी विचारा.

तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने सांगूनही प्रसंगाचं उत्तर चुकत असेल, तर चौथ्यांदा सांगत बसू नका. विस्मरण किंवा गोंधळ आहे का ते डॉक्टरांना पाहायला सांगा, आणि वजन रोज कोण पाहणार ते नाव ठरेपर्यंत डिस्चार्ज पुढे ढकलायला सांगायला घाबरू नका. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझा आवाज कापत होता. बोलणी खाल्ली, पण एक दिवस मिळाला. पहिली दहा-बारा टीच-बॅक तुमची अवघडच होतील. प्रसंग सुचत नाहीत, वेळ लागतो, पेशंटला परीक्षा वाटते. ते होऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट घेतली की तीन-चार मिनिटांत होतं.

आणि चौकोनांतले आकडे कायमचे नसतात. मावशी दोन आठवड्यांनी तपासणीला आल्या तेव्हा घरच्या काट्यावर 57 दिसत होतं. जुना 61 तसाच ठेवला असता तर चार किलो पाणी साठेपर्यंत फोन आला नसता. जुन्या आकड्यांवर त्यांनाच काट मारायला लावली, नवे दोन लिहिले, आणि पुन्हा विचारलं, “समजा 59 दिसलं, आणि तुम्हाला बरं वाटतंय…”