टीबीच्या पोस्टरवरचा मजकूर: या चुका टाळा

भांडुपच्या टेकडीवरच्या चाळींमध्ये लावायचं एक पोस्टर माझ्याकडे तपासायला आलं होतं. पाठवणारी संस्था छोटी, पण मनापासून काम करणारी. मजकूर असा होता:

‘टीबी जीवघेणा आहे! खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका. तोंडावर रुमाल धरा, इथे-तिथे थुंकू नका, सकस आहार घ्या, तंबाखू सोडा, वेळीच तपासणी करा, उपचार पूर्ण करा.’

यात चुकीचं एकही वाक्य नाही, पण वाचणाऱ्याला एका दमात सात कामं सांगितली आहेत. चाळीतल्या एका मावशींना पोस्टर दाखवून विचारलं, “यात काय करायला सांगितलंय?” त्या म्हणाल्या, “बाहेर थुंकू नका म्हणतायत.” हे त्यांनी आधीही शंभर ठिकाणी वाचलेलं होतं, म्हणून तेच डोळ्यांत भरलं. संस्थेला हवी असलेली तपासणी मधल्या मध्ये हरवली.

त्यामुळे सगळ्यात आधी ठरवायचं, की पोस्टर वाचून माणसानं उठून नेमकं काय करायचं. रुमाल, आहार, तंबाखू हे विषय दवाखान्यात समोरासमोर बोलायचे. ‘उपचार पूर्ण करा’ हे तर ज्याचं औषध सुरू झालंय त्याला सांगायचं. साध्या टीबीचं औषध साधारण सहा महिने चालतं. ज्याची अजून तपासणीच झाली नाही, त्याला आधीच सहा महिने दाखवले तर तो दाराशीच थबकेल.

उरली तपासणी. पण नुसतं ‘तपासणी करा’ लिहिणं ही पुढची चूक. कसली तपासणी? पुष्कळ जण जवळच्या लॅबमध्ये जाऊन रक्त देतात. टीबी शोधण्यासाठी रक्तातली प्रतिपिंडं पाहणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ सालीच बंदी आली, कारण त्यांच्या निकालावर भरवसा ठेवता येत नव्हता. फुफ्फुसांच्या टीबीसाठी थुंकी तपासतात, आणि सरकारी केंद्रात ती मोफत होते. म्हणून ‘थुंकीची तपासणी’ असं नाव घेऊनच लिहावं. नमुन्यात तोंडातली लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. पण ते पोस्टरवर कोंबू नये, डबी हातात देणाऱ्यानं सांगावं.

‘सततचा खोकला’ असंही लिहिलं नाही. धूळ, धूर, विडी यांमुळे खोकणाऱ्याला आपला खोकला सततचा वाटतच नाही, तो त्याला नेहमीचा वाटतो. सरकारी कार्यक्रमातली खूण दोन आठवड्यांची आहे आणि ती प्रत्येकाला मोजता येते. घरात आपण ‘पंधरा दिवस झाले’ असंच म्हणतो, म्हणून पोस्टरवरही तेच घेतलं.

आता आदराबद्दल. ‘जीवघेणा’ हा शब्द संस्थेला सोडवत नव्हता. लोक घाबरले तर येतील, असं त्यांचं म्हणणं. माझा अनुभव उलटा आहे. टीबी निघाला तर शेजारी काय म्हणतील, मुलीचं लग्न कसं जमेल, ही भीती घरात आधीच बसलेली असते. तिच्यात भर घातली की माणूस खोकला लपवतो. ‘दुर्लक्ष करू नका’ यातही एक ठपका आहे. रोजंदारी बुडेल म्हणून जो दवाखान्यात गेला नाही, त्यानं दुर्लक्ष केलेलं नसतं. ‘संशयित रुग्ण’ तर अजिबात नको, ती पोलिसांची भाषा वाटते.

बदलून झालेलं पोस्टर असं:

‘पंधरा दिवस झाले, खोकला थांबत नाही?
पालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या. मोफत आहे.’

खाली दवाखान्याचं नाव, जवळची खूण, वेळ आणि बारीक अक्षरात ‘टीबी’ हा शब्द, बस्स. संस्थेला हेल्पलाइन, क्यूआर कोड आणि स्वतःचा फोन नंबरही टाकायचा होता. पण मग फोन करायचा की जायचं, असा प्रश्न पडतो आणि एकाची पुन्हा दोन कामं होतात. मी तिन्ही काढायला सांगितलं. ‘टीबी’ हा शब्द पहिल्या ओळीत मुद्दाम ठेवला नाही. यावर मतभेद होऊ शकतो, पण पोस्टरसमोर उभं राहिलेल्या माणसाकडे शेजाऱ्यांनी वळून पाहू नये, असं मला वाटतं.

या पोस्टरची मर्यादा आहेच: मान, मणका अशा ठिकाणच्या टीबीत खोकला नसू शकतो. त्यासाठी वेगळा मजकूर करावा, यात ओळी वाढवू नयेत.

छापण्याआधी दोन गोष्टी करा. पोस्टर पाच सेकंद दाखवा, उलटं करा आणि “काय करायचं म्हणतायत?” असं विचारा. “समजलं का?” विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. दुसरं, लिहिलेल्या वेळेला त्या दवाखान्यात स्वतः जाऊन थुंकीचा नमुना कुठल्या खिडकीवर घेतात ते पाहून या. आमच्या वेळी नमुने फक्त सकाळी घेत होते आणि पोस्टरवर दिवसभराची वेळ पडली होती. ती ओळ छपाईच्या आदल्या दिवशी बदलली.